इसबगोल : चमचा, पाणी आणि वेळ

इसबगोलची पांढरी पाकिटं आपल्याकडे जवळपास प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळतात आणि ती घेताना कुणी फार विचार करत नाही. बहुतेक घरांत पद्धत ठरलेली असते. रात्रीचं जेवण झालं, गोळ्या घेतल्या, मग झोपताना अर्धा कप दुधात दोन चमचे भुशी ढवळून प्यायची आणि आडवं व्हायचं. भुशी चांगलीच आहे, पण या पद्धतीत तीन गोष्टी चुकतात: पाणी कमी पडतं, वेळ चुकते आणि गोळ्या फार जवळ येतात.

एक चमचा भुशी पाण्यात टाकून पेला दहा मिनिटं तसाच ठेवा. पाण्याची जागा घट्ट, बुळबुळीत गोळ्याने घेतलेली दिसेल. नेमकं हेच काम इसबगोल पोटात करतं. ही भुशी म्हणजे इसबगोलच्या बियांवरचं पातळ आवरण. गुजरात आणि राजस्थानात त्याची शेती होते आणि उत्तर गुजरातेतल्या उंझा, सिद्धपूर भागात बी दळून ते वेगळं काढलं जातं. आपल्या आतड्यात ते पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू बाकीचे बरेच तंतू खाऊन टाकतात आणि त्यातून गॅस होतो, पण या भुशीला ते फारसं तोडू शकत नाहीत. त्यामुळे तिने धरलेलं पाणी शेवटपर्यंत टिकतं. मळ कोरडा पडून खडा होत असेल तर हे पाणी त्याला मऊ ठेवतं. मळ पातळ असेल तर मोकळं सुटलेलं पाणी भुशी स्वतःत ओढून घेते आणि त्याला आकार देते. दोन उलट्या तक्रारींवर एकच वस्तू चालते ती यामुळे.

मोठ्या माणसाची एका वेळची नेहमीची मात्रा साडेतीन ग्रॅमच्या आसपास असते आणि गरजेप्रमाणे ती दिवसातून एक ते तीन वेळा घेतात. घोळ होतो तो चमच्यात. अख्खी भुशी फार हलकी असते. चहाच्या चमच्यात सपाट भरली तर पावणेदोन ग्रॅमच्या आतबाहेर मावते, म्हणजे साडेतीन ग्रॅमसाठी असे दोन चमचे लागतात. बारीक पूड मात्र तेवढ्याच चमच्यात बरीच जास्त बसते. शेजारच्या काकूंची भुशी आणि तुमच्या डब्यातली पूड यांचा चमचा एक धरता येत नाही. पाकिटावर लिहिलेलं वाचावं किंवा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकदा तोलून आपला चमचा ठरवून टाकावा. पाकिटाच्या मागची घटकांची यादीही पाहावी. काही चूर्णांत इसबगोलबरोबर सोनामुखी असते. ती आतड्याला हलवून जुलाब करवते आणि तिचे नियम वेगळे आहेत. चवीच्या पुडीत साखर असू शकते, हे मधुमेह असलेल्यांनी ध्यानात ठेवावं.

पहिल्या दिवशी पूर्ण मात्रा घेऊ नये. दिवसातून एकदा, एक सपाट चमचा अशी सुरुवात करावी आणि तीन-चार दिवसांनी वाढवावं, नाहीतर पोट फुगतं. परिणाम दिसायला बारा ते बहात्तर तास लागतात. रात्री घेतलं आणि सकाळी पोट साफ झालं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट घेणारे पुष्कळ आहेत. त्यांनी दोन-तीन दिवस थांबलं पाहिजे.

पाणी किती? प्रत्येक मात्रेला किमान 240 मिलिलिटर, म्हणजे मोठा पेला भरून. भुशी त्यात ढवळायची, घट्ट होण्याआधी लगेच प्यायची आणि वर आणखी थोडं पाणी घ्यायचं. दिवसभराचं पाणीही नेहमीसारखं हवं. कोरडी भुशी तोंडात टाकून घोटभर पाणी पिणं धोक्याचं आहे, कारण ती घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकते. भुशी घेतल्यावर छातीत दुखलं, गिळता येईना, उलटी झाली किंवा श्वास कोंडला, तर आणखी काही न पिता थेट रुग्णालय गाठावं. गिळायला त्रास असणाऱ्यांनी, पक्षाघात किंवा कंपवातामुळे ठसका लागणाऱ्यांनी आणि आतडं अरुंद झालेल्यांनी भुशी घेऊच नये. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं. कमी पाण्यावर घेतलेली भुशी बद्धकोष्ठ वाढवते. मळ आणखी घट्ट झाला, पोट टम्म राहिलं, तर मात्रा वाढवण्याआधी पाण्याचा हिशोब पाहावा.

झोपताना घ्यायची सवय मोडायला हवी ती याच कारणाने. घेऊन लगेच आडवं झालं की भुशी खाली सरकायला वेळ लागतो आणि त्यानंतर रात्रभर पाणीही जात नाही. रात्रीच घ्यायचं असेल तर जेवणानंतर लवकर घ्यावं आणि त्यानंतर निदान तासभर बसतं-फिरतं राहावं.

गोळ्यांचा प्रश्न लोकांना सगळ्यात कमी माहीत असतो. पोटात तयार झालेल्या त्या बुळबुळीत गोळ्यात औषध गुंतलं तर ते रक्तात कमी किंवा उशिरा उतरतं. थायरॉइड, लोह, डिगॉक्सिन, लिथियम, कार्बामाझेपिन, रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिन अशा औषधांत हे विशेष जपावं लागतं. साधा नियम असा की इतर औषधं भुशीच्या दोन तास आधी किंवा दोन तास नंतर घ्यावीत. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास ठेवले तर बरं. समजा, साठीच्या एका बाई सकाळी सहाला थायरॉइडची गोळी घेतात, साडेआठला न्याहारीबरोबर मधुमेहाची, दुपारी दीडला लोहाची आणि रात्री नऊला कोलेस्टेरॉलची. त्यांना भुशी अकरा वाजता बसते, कारण सकाळच्या गोळ्यांपासून ती पुरेशी लांब आणि लोहाच्या गोळीच्या अडीच तास आधी येते. दुसरी मात्रा लागलीच तर दुपारी साडेचारला. भुशीमुळे जेवणानंतरची साखर थोडी कमी वाढते, म्हणून सुरुवातीचे काही दिवस त्यांनी साखर अधूनमधून तपासावी. मॉर्फिनसारख्या वेदनाशामकांमुळे झालेल्या बद्धकोष्ठात मात्र भुशी सहसा देत नाहीत. तिथे आतड्याची हालचालच मंदावलेली असते, त्यामुळे भर वाढवून उपयोग होत नाही आणि अडकण्याची भीती राहते.

आठवडाभर नीट घेऊनही फरक नसेल, शौचातून रक्त जात असेल, वजन उतरत असेल किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय एकाएकी बदलली असेल, तर भुशी बाजूला ठेवून तपासणी करून घ्यावी.

पातळ शौचासाठी आपल्याकडे भुशी दह्यात कालवून खातात. दही चालतं, पण घट्ट दह्यात कोरडी भुशी कालवण्यापेक्षा पेलाभर पातळ ताक बरं, आणि त्यावर पाणीही प्यावं. पोट सैल म्हणून पाणी तोडणं इथेही चुकीचंच. वारंवार पातळ होण्याची जुनी तक्रार असेल, तर दिवसातून एकदा साडेतीन ग्रॅमपर्यंत घेऊन पाहावं. अचानक सुरू झालेल्या जुलाबांत मात्र तिच्यावर विसंबू नये. मळ दाटसर दिसू लागतो, पण शरीरातून जाणारं पाणी आणि क्षार तसेच जात राहतात, आणि त्या दाटपणाने घरचे निर्धास्त होतात. तिथे आधी ओआरएस. लहान मूल किंवा म्हातारं माणूस मलूल झालं, लघवी कमी झाली, ताप आला किंवा रक्त दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं.