सर्किट ब्रेकर (माहितीचे समक्रमण)

सर्किट ब्रेकर ही संगणकीय आज्ञावलीतील एक संरक्षक रचना आहे. एका ठिकाणच्या नोंदी दुसऱ्या ठिकाणी पाठवून दोन्हीकडची माहिती सारखी ठेवण्याच्या क्रियेस समक्रमण किंवा 'सिंक' म्हणतात. ज्या सर्व्हरकडे नोंदी पाठवायच्या तो बंद पडला असता वारंवार विनंत्या न पाठवता समक्रमण काही काळ थांबवणे आणि नंतर एकाच विनंतीने अंदाज घेऊन ते पुन्हा सुरू करणे, हे या रचनेचे कार्य होय. मायकेल नायगार्ड यांच्या 'रिलीज इट!' (२००७) या पुस्तकामुळे ही कल्पना सर्वपरिचित झाली. नेटफ्लिक्स या कंपनीने २०१२ मध्ये खुली केलेली 'हिस्ट्रिक्स' ही आज्ञावली तिचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

नाव आणि अवस्था

घरातील विजेच्या फलकावर असणाऱ्या सर्किट ब्रेकरवरून हे नाव आले आहे. तारांमधून प्रमाणाबाहेर प्रवाह वाहू लागला की तो खटका पडतो आणि परिपथ तुटतो. आज्ञावलीतील ब्रेकरच्या तीन अवस्था असतात. 'क्लोज्ड' अवस्थेत परिपथ जुळलेला असतो आणि नोंदी नेहमीप्रमाणे जातात. 'ओपन' अवस्थेत परिपथ तुटलेला असतो आणि एकही विनंती बाहेर जात नाही. ठरलेला काळ संपल्यावर 'हाफ-ओपन' अवस्था येते. तीत चाचणीपुरती एकच विनंती सोडली जाते. ती यशस्वी झाली तर ब्रेकर क्लोज्ड होतो, फसली तर पुन्हा ओपन होतो. मराठीत 'बंद' म्हटले की काम थांबले असा अर्थ मनात येतो. येथे मात्र क्लोज्ड म्हणजे काम चालू आणि ओपन म्हणजे काम थांबलेले, हे ध्यानात ठेवावे लागते.

वारंवार विनंत्यांचा दुष्परिणाम

समजा, वर्धा जिल्ह्यातील वर्धा, सेलू, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर, आर्वी, आष्टी आणि कारंजा या आठ तालुक्यांत प्रत्येकी एक कापूस खरेदी केंद्र आहे. प्रत्येक गाडीची वजनपावती केंद्रातील संगणकात नोंदली जाते आणि तेथून मध्यवर्ती सर्व्हरकडे जाते. शेतकऱ्याचा चुकारा त्या नोंदीवरून निघतो. दुपारी सर्व्हर दहा मिनिटे बंद पडला आणि प्रत्येक केंद्राचा संगणक दर सेकंदाला पुन्हा प्रयत्न करीत राहिला, तर आठ केंद्रांतून ४,८०० विनंत्या जातात.

या विनंत्यांनी एकही पावती पोहोचत नाही, परंतु हानी मात्र होते. सर्व्हर सुरू होत असताना त्याला आपला माहितीसाठा तपासून सज्ज व्हायचे असते. नेमक्या त्याच वेळी विनंत्यांचा लोंढा येऊन तो पुन्हा कोलमडू शकतो. मूळ बिघाड दूर झाल्यानंतरही सेवा बंद राहते, ती अशा वेळी केवळ या लोंढ्यामुळे.

कार्यपद्धती

पुढील लहान नमुन्यात प्रत्येक केंद्रावर एकच प्रेषक आहे, असे मानले आहे. त्याचे `sync_step` हे कार्य दर सेकंदाला चालते.

```python
def sync_step(b, queue):
    if queue.empty() or now() < b.open_until:
        return
    record = queue.peek()
    try:
        send(record, key=record.id, timeout=10)
    except DestinationDown:
        b.failures += 1
        if b.failures >= 5:
            b.open_until = now() + 60 + uniform(0, 15)
        return
    b.failures = 0
    queue.remove(record)
```

सलग पाच प्रयत्न फसले की समक्रमण साठ ते पंचाहत्तर सेकंद थांबते. त्यानंतर एक प्रयत्न होतो. `failures` हा आकडा अद्याप पाच किंवा अधिक असल्यामुळे तो एक प्रयत्न फसताच पुन्हा विराम मिळतो. हीच हाफ-ओपन अवस्था. वरील उदाहरणात सर्व्हर विनंती तत्काळ नाकारत असेल, तर दहा मिनिटांत ४,८०० ऐवजी आठ केंद्रांतून मिळून सुमारे ११० विनंत्या जातात. `uniform(0, 15)` ही यादृच्छिक भर एवढ्यासाठी की, एकाच वेळी थांबलेली आठही केंद्रे एकाच क्षणी पुन्हा दार ठोठावू नयेत.

विराम म्हणजे नोंद टाकून देणे नव्हे. नमुन्यात सर्व्हरने पावती स्वीकारल्यानंतरच ती रांगेतून काढली जाते. 'अमुक पावतीपर्यंत पाठवले' अशी खूण ठेवणाऱ्या आज्ञावलीतही ती खूण स्वीकृतीनंतरच पुढे सरकली पाहिजे. अन्यथा विरामकाळातील पावत्या गळून पडतात आणि त्या शेतकऱ्यांचे चुकारे अडतात. रांग संगणकाच्या स्मरणात न ठेवता डिस्कवर ठेवणे इष्ट असते, कारण वीज गेल्यास स्मरणातील रांग नाहीशी होते.

याउलट धोकाही आहे. सर्व्हरने पावती स्वीकारली, परंतु उत्तर दहा सेकंदांत आले नाही, तर प्रेषक तो प्रयत्न फसला असे समजतो आणि तीच पावती पुन्हा पाठवतो. म्हणून प्रत्येक पावतीसोबत `key` हा अनन्य क्रमांक जातो. तो क्रमांक आधीच नोंदलेला असेल तर सर्व्हर दुसरी नोंद करीत नाही, आणि एकाच गाडीचा चुकारा दोनदा निघत नाही.

कोणती चूक मोजावी

जोडणी नाकारली जाणे, मुदतीत उत्तर न येणे आणि `502`, `503`, `504` हे प्रतिसाद ठिकाणाच्या बिघाडाचे द्योतक आहेत. ब्रेकरने तेच मोजावेत. `400` किंवा `422` या प्रतिसादाचा अर्थ सर्व्हर सुस्थितीत असून पाठवलेली नोंदच सदोष आहे, असा होतो. वजनाचा रकाना रिकामा असलेली एक पावती ब्रेकरने बिघाड म्हणून मोजली, तर तिच्यामागच्या सर्व निर्दोष पावत्या अडून राहतील. अशी नोंद तपासणीसाठी वेगळी काढून रांग पुढे न्यावी लागते. `503` सोबत `Retry-After` हा शीर्षलेख आल्यास त्यात सांगितलेला काळ पाळणे योग्य ठरते.

चाचणीसाठी खरी नोंद पाठवणे अधिक विश्वासार्ह असते. सर्व्हरचे 'मी चालू आहे' सांगणारे पृष्ठ उघडत असूनही त्यामागील माहितीसाठा बंद असू शकतो.

दोष आणि मर्यादा

ब्रेकर दर दोन-तीन मिनिटांनी उघडझाप करीत असेल, तर सर्व्हर अर्धवट चालत असण्याची किंवा रांगेचा भार त्याला पेलत नसण्याची शक्यता असते. दीर्घ विरामानंतर साचलेल्या पावत्या एकदम सोडल्यास सर्व्हर पुन्हा बसतो. त्यामुळे वेग हळूहळू वाढवावा लागतो. वरील नमुन्यात सेकंदाला एकच पावती जात असल्याने ही मर्यादा आपोआप पाळली जाते.

सर्वांत घातक दोष शांततेचा असतो. समक्रमण थांबले की चुकांच्या नोंदीही थांबतात आणि सर्व सुरळीत आहे असा समज होतो. म्हणून अवस्था बदलल्याची वेळ लिहून ठेवतात आणि रांगेतील सर्वांत जुनी पावती किती वेळ थांबली आहे, यावर लक्ष ठेवतात. ब्रेकरची अवस्था काहीही असो, ही वेळ वाढत राहिली म्हणजे माहिती पोहोचत नाही, असे निश्चित समजते. ब्रेकर केवळ भार रोखतो. सर्व्हरची दुरुस्ती माणसालाच करावी लागते.