धक्क्याविना गॅमा किरण

लोह-५७ या समस्थानिकाचे अणुकेंद्रक उत्तेजित अवस्थेतून मूळ अवस्थेत येते तेव्हा १४.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा गॅमा किरण बाहेर टाकते. ही ऊर्जा विलक्षण नेमकी असते. तिच्यातला फरक एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या सुमारे पाच अब्जांश भागाएवढाच असतो. असा किरण लोह-५७ च्याच दुसऱ्या केंद्रकाने सहज शोषून घ्यायला हवा. पण नावेतून काठावर उडी मारली की नाव मागे सरकते, तसा किरण सोडणारा मोकळा अणूही मागे ढकलला जातो. त्यात सुमारे ०.००२ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा खर्च होते. हा आकडा लहान दिसला, तरी किरणाच्या नेमकेपणाच्या मर्यादेहून तो चार लाख पट मोठा आहे. शोषणाऱ्या अणूलाही तसाच धक्का बसतो, त्यामुळे दोघांचा मेळ बसत नाही.

रुडॉल्फ मॉसबाउअर यांनी १९५८ मध्ये यावरची वाट दाखवली. ते इरिडियम-१९१ वर प्रयोग करत होते. घन पदार्थात अणू जाळीत बांधलेला असतो आणि जाळीची कंपने ठरावीक पुंजांमध्येच ऊर्जा घेतात. त्यामुळे काही केंद्रके कंपन मुळीच न चेतवता किरण सोडतात. अशा वेळी धक्का साऱ्या स्फटिकाला बसतो आणि त्यात खर्च होणारी ऊर्जा नगण्य ठरते. या शोधासाठी मॉसबाउअर यांना १९६१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रयोगात कोबाल्ट-५७ हा स्रोत नमुन्याच्या दिशेने आणि उलट दिशेने हलवतात. सेकंदाला एक मिलिमीटर एवढ्या वेगानेही किरणाची ऊर्जा पुरेशी बदलते. ज्या वेगाला नमुन्यापलीकडे पोचणारे किरण घटतात, तिथे शोषण होत असते.

या घटीच्या जागा केंद्रकाभोवतीची परिस्थिती सांगतात. केंद्रकापाशी इलेक्ट्रॉनांची दाटी बदलली की रेषा सरकते. त्यावरून लोह द्विसंयुजी आहे की त्रिसंयुजी, ते कळते. भोवतालचे विद्युतक्षेत्र असमान असेल तर रेषा दुभंगते. चुंबकीय क्षेत्रात तिच्या सहा रेषा होतात. साध्या लोखंडात या सहांपैकी टोकाच्या दोन रेषांमधले अंतर सेकंदाला सुमारे १०.६ मिलिमीटर असते. ते केंद्रकापाशी ३३ टेस्ला क्षेत्र असल्याचे दाखवते.

अर्थ लावताना एक फसगत संभवते. चुंबकीय ऑक्साइडाचे कण काही नॅनोमीटरचेच असतील, तर त्यांचे चुंबकत्व उष्णतेमुळे इतक्या वेगाने दिशा बदलते की सहा रेषांऐवजी दोनच दिसतात. नमुना थंड केल्यावर सहा रेषा परत आल्या, तर पदार्थ चुंबकीयच होता हे सिद्ध होते.

२००४ मध्ये मंगळावर उतरलेल्या ऑपॉर्च्युनिटी या गाडीवर असेच एक छोटे उपकरण होते. मेरिडियानी मैदानातल्या खडकांत त्याला त्रिसंयुजी लोहाची दुभंगलेली रेषा आढळली. ती जॅरोसाइट या खनिजाशी जुळली. या खनिजाच्या रचनेतच हायड्रॉक्सिल गट असतात, त्यामुळे तिथे एके काळी आम्लयुक्त पाणी होते या निष्कर्षाला भक्कम आधार मिळाला.