एका कोरड्या नळाचे दोन पत्ते

भाडेकरूच्या फोनमधली यादी साधारण अशी असते : ‘पाणी नाही. बाथरूमच्या छताला ओल. लिफ्ट बंद. भाडेकरू आहे म्हणून महिन्याला जादा पाचशे. सेक्रेटरी आइकूनच घेत नाही.’ अकोल्याचा गोरक्षण रोड असो की अमरावतीचं साईनगर, मे महिन्यात अशी यादी कुणाच्याही फोनमध्ये सापडेल. या पाच ओळींचं गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांना द्यायचं पत्र करायला बसलं की एक विलक्षण गोष्ट दिसू लागते. यादीतली प्रत्येक ओळ वेगळ्या माणसाच्या दारात जाऊन उभी राहते.

पहिलीच ओळ घेऊ. नळाला पाणी नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक संस्था ज्या आदर्श उपविधींवर चालतात, त्यांच्या शेवटाकडे कोणती तक्रार कुठे न्यायची याची एक यादी आहे. त्या यादीत पाणी दोनदा येतं. सभासदांना असमान पाणी मिळत असेल तर वाद सहकार न्यायालयाचा, आणि महापालिकेकडूनच संस्थेला अपुरं पाणी येत असेल तर दाद महापालिकेकडे. नळ तोच आणि कोरडाही तितकाच, पण त्याचे पत्ते दोन. उपविधी लिहिणाऱ्यांनी हा फरक इतक्या बारकाईने टिपलाय याचं मला फार अप्रूप वाटतं.

पत्ता कोणता, हे ठरतं जमिनीखालच्या टाकीवर. अकोल्याला पाणी येतं महानच्या काटेपूर्णा धरणातून, अमरावतीला ऊर्ध्व वर्धामधून. ते दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येतं, खालच्या टाकीत साठतं, मग पंप ते गच्चीवरच्या टाकीत चढवतो. घरचा नळ कोरडा पडला त्या घडीला खालच्या टाकीचं झाकण उघडून पाहायचं. टाकी रिकामी असेल तर संशय आधी बाहेरच्या पुरवठ्यावर. टाकी भरलेली असूनही तिसऱ्या मजल्यावर थेंब नसेल तर गडबड पंपात, व्हॉल्व्हमध्ये किंवा पंप चालवायच्या वेळेत आहे, आणि पंप, टाक्या, बाहेरच्या पाइपलाइनी यांची देखभाल संस्थेच्या खर्चाने व्हायची असते. म्हणून ‘पाणी नाही’ या दोन शब्दांचं पत्रात असं वाक्य होतं : ‘दि. १२ मे रोजी सकाळी ७ वाजता जमिनीखालील टाकी भरलेली असूनही आमच्या सदनिकेत पाणी नव्हते, दि. १४ व १७ मे रोजीही हीच स्थिती होती. पंप व तिसऱ्या मजल्याच्या व्हॉल्व्हची तपासणी करून घ्यावी, ही विनंती.’ तारीख, वेळ, पाहिलेली गोष्ट, मागणी. अशा वाक्याला ‘वरूनच पाणी कमी येतंय’ हे उत्तर देताच येत नाही.

खारपाण पट्ट्यात याला आणखी एक पदर आहे. पूर्णेच्या खोऱ्यात बोअरचं पाणी खारं लागतं. नळाला पाणी ‘येतं’, पण ते बोअरचं असतं. तेव्हा पत्रात कोणतं पाणी हेही लिहावं लागतं, नाहीतर सचिव खुशाल म्हणतील की पाणी तर चालू आहे.

आता ओल. तिचा पत्ता ऋतू सांगतो. वऱ्हाडात पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिसाकडे सरकतो आणि गच्ची तापून कोरडीठाक होते. मग बाथरूमच्या छतावरचा डाग भर मे महिन्यातही ओलाच असेल, तर ते पाणी पावसाचं नाही, वरच्या घरातल्या संडास-बाथरूमचं किंवा एखाद्या पाइपचं आहे. उलट डाग उन्हाळ्यात वाळून पोपडे धरत असेल आणि जुलैत पुन्हा ओलावत असेल, तर संशय गच्चीवर किंवा बाहेरच्या भिंतीवर. या फरकावर पैसे कुणी द्यायचे ते ठरतं. गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याची दुरुस्ती, त्याने वरच्या मजल्याच्या छताचं बिघडलेलं प्लॅस्टरसुद्धा, संस्थेच्या खर्चाने. बाहेरच्या सामाईक नळाची किंवा सांडपाण्याच्या पाइपची गळतीही संस्थेचीच. संडास, बेसिन वगैरेंमुळे सदनिकेच्या आत होणारी गळती मात्र त्या सदनिकेच्या सभासदाने स्वतःच्या खर्चाने काढायची. आपल्या भाडेकरूचा डाग मे महिन्यातला आहे. म्हणजे ‘संस्थेने दुरुस्त करून द्यावे’ ही सरसकट मागणी चुकीच्या दारात जाऊ शकते. बरोबर मागणी ही : ‘समितीने पाहणी करून गळतीचा स्रोत निश्चित करावा व तो वरील सदनिकेत आढळल्यास संबंधित सभासदांस दुरुस्तीबाबत लेखी कळवावे, सामाईक पाइपमध्ये आढळल्यास संस्थेने दुरुस्ती करून द्यावी.’ लिफ्टच्या ओळीला एवढा विचार लागत नाही. ती संस्थेचीच, बंद असलेल्या तारखा लिहिल्या की झालं.

जादा पाचशेची ओळ मात्र या पत्रातून काढावीच लागते. घर भाड्याने दिलं की संस्था बिनभोगवटा शुल्क आकारू शकते, पण ते घरमालक सभासदाकडून. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने त्याला मर्यादाही घातली आहे : महापालिकेचे कर वगळून, सेवाशुल्काच्या १० टक्के. सेवाशुल्क महिन्याला ८०० रुपये असेल तर हे शुल्क फार तर ८० रुपये. तेव्हा ही तक्रार घरमालकाने स्वतःच्या नावाने, स्वतंत्र पत्रात करायची.

आणि इथेच भाडेकरूची मूळ अडचण उघडी पडते. उपविधींतली तक्रारीची तरतूद सभासदांसाठी आहे. सभासदाने लेखी तक्रार दिली की समितीने ती पुढच्या सभेत ठेवून निर्णय घ्यायचा आणि तो १५ दिवसांत कळवायचा. भाडेकरू हा फार तर नाममात्र सभासद. त्याला सभासदाचे हक्क नाहीत. म्हणून हे पत्र घरमालकाच्या सहीने जावं, मजकुरात ‘माझ्या सदनिकेत भाडेकराराने राहणारे’ असा भाडेकरूचा उल्लेख असावा, आणि खाली भाडेकरूचीही सही असावी. घरमालक पुण्याला किंवा नागपूरला असला, तरी सही केलेला कागद कुरिअरने मागवून घेणं शहाणपणाचं. त्या एका सहीने हे पत्र सभासदाची तक्रार ठरतं, आणि सभेच्या कामकाजात त्याला जागा मिळते.

‘सेक्रेटरी आइकूनच घेत नाही’ ही ओळ मनाला सगळ्यात जास्त लागलेली असते, पण ती तशीच लिहिली तर सचिव त्या एका ओळीलाच उत्तर देतील आणि बाकीच्या तशाच राहतील. तिच्या जागी घडलेलं तेवढं लिहावं : ‘याबाबत दि. १३ व १८ मे रोजी आपणांस तोंडी कळविले होते.’ त्यात राग कुठेच नाही, तरी सांगायचं ते पुरतं सांगून झालं.

पत्राच्या दोन प्रती न्यायच्या. एकीवर सही, तारीख आणि असल्यास संस्थेचा शिक्का घेऊन ती पोच म्हणून परत आणायची. घ्यायलाच नकार दिला तर टपालाने, पोचपावतीसह.

इमारतीच्या पाटीवर नोंदणी क्रमांक आहे का, हेही आधीच पाहावं. काही इमारतींत सहकारी संस्था नसतेच. तिथे १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालची सदनिकाधारकांची संघटना असते. तिथे ‘सेक्रेटरी’ असतात, पण वर सांगितलेले उपविधी लागू नसतात. अशा वेळी आधी त्या इमारतीचं घोषणापत्र आणि तिचे स्वतःचे उपविधी घरमालकाकडून मागून घ्यायचे आणि पत्राचा ‘विषय’ त्यानंतरच लिहायचा.