पाठवणाऱ्याचे शब्द आणि आपलं लेबल

गृहकर्ज घेतलेल्या माणसाला बँक दरवर्षी एक मेल पाठवते. त्याला जोडलेल्या पीडीएफमध्ये वर्षभरात मुद्दल किती फिटलं आणि व्याज किती गेलं याचा दाखला असतो. जुन्या करप्रणालीनुसार विवरणपत्र भरायचं असेल तर तो लागतोच. मेल येतो एप्रिलमध्ये आणि लागतो जुलैअखेरीस. मधल्या तीन महिन्यांत तो ठेवायचा कुठे?

शिस्तीच्या माणसानं मेलबॉक्समध्ये फोल्डर आणि त्यांच्या पोटात फोल्डर अशी झाडासारखी रचना केलेली असते. त्यात ‘बँक’, त्याखाली ‘गृहकर्ज’, त्याखाली ‘2024-25’. दुसरीकडे ‘आयकर’ आणि त्याखालीही ‘2024-25’. कर्ज नवराबायकोच्या नावावर असेल तर ‘घर’ नावाचं तिसरं खोडही असतं. दाखला या तिन्ही ठिकाणी शोभेल, पण फोल्डरचा नियम असा की एक मेल एकाच जागी राहतो. एप्रिलमध्ये हात ‘बँक’कडे जातो, कारण तेव्हा डोक्यात बँक असते. जुलैमध्ये डोक्यात आयकर असतो, आणि ‘आयकर’ उघडलं तर आत काहीच नाही. आळस कुठेच नाही, व्यवस्था मात्र फसली. शिवाय झाड जितकं खोल, तितके असे दुफाटे जास्त.

1 एप्रिल 2004 रोजी गुगलनं जीमेल आणलं तेव्हा त्यात फोल्डर नव्हते, लेबलं होती. एका मेलला हवी तितकी लेबलं लावा. मेल मात्र एकच राहतो, तो ‘ऑल मेल’मध्ये असतो. इनबॉक्स हेसुद्धा एक लेबलच. ‘अर्काइव्ह’ केलं की ते लेबल निघतं, मेल जागच्या जागी राहतो. त्या काळी 1 जीबी जागा फुकट मिळणं ही मोठी गोष्ट होती, आणि त्यामागचं म्हणणं असं होतं की काही फेकू नका, लावू नका, शोधा.

हे म्हणणं कितपत खरं निघालं? 2011 साली स्टीव्ह व्हिटेकर आणि आयबीएममधल्या सहकाऱ्यांनी 345 जणांच्या मेल-वापराच्या नोंदी तपासल्या. त्यात जुना मेल शोधण्याचे 85 हजारांहून अधिक प्रसंग होते. फोल्डर उघडून शोधायला सरासरी जवळजवळ एक मिनिट लागत होतं, तर शब्द टाकून शोधायला साधारण 17 सेकंद. फोल्डरवाल्यांना मेल जास्त हमखास सापडत होता असंही दिसलं नाही, आणि मेल लावून ठेवण्यात गेलेला वेळ वेगळाच. हे कार्यालयातले लोक होते हे लक्षात ठेवायला हवं. घरच्या मेलबॉक्सला आकडे तसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण कल मला पटतो.

मग सगळी लेबलंही काढून टाकावीत का? इथे मी थांबतो. शोधखिडकीला फक्त पाठवणाऱ्यानं लिहिलेले शब्द माहीत असतात. दाखल्याच्या मेलचा विषय बँकेच्या यंत्रणेनं ठरवलेला असतो. त्यात ‘व्याज’ नसतं, ‘आयकर’ नसतं, कधी नुसतं ‘प्रोव्हिजनल सर्टिफिकेट’ असतं. जोडलेली पीडीएफ बहुधा पासवर्डनं कुलूपबंद असते, त्यामुळे आतला मजकूर शोधाच्या हाती लागत नाही. नातेवाइकानं मोबाइलवर फोटो काढून पाठवलेल्या सातबाऱ्याच्या बाबतीतही शोधाच्या भरवशावर राहू नये. विषयाच्या जागी काहीच नाही आणि मेलमध्ये ‘हे बघ’ एवढंच असेल, तर शोधणार तरी काय?

मराठीत आणखी एक अडचण आहे. जीमेलचा शोध पूर्ण शब्दावर चालतो. शब्दाचा तुकडा टाकला तर मेल सापडेलच असं नाही. आपली भाषा मात्र प्रत्येक शब्दाला शेपूट लावते, आणि तोच माणूस एकदा देवनागरीत तर एकदा रोमनमध्ये लिहितो. म्हणून सोसायटीच्या सचिवांचा मेल शोधताना सगळी रूपं एकदमच द्यावीत:

```
सोसायटी OR सोसायटीच्या OR society
```

दाखल्यासाठी शब्दांपेक्षा शब्दाबाहेरच्या खुणा जास्त कामाच्या. कोणाकडून आला, कधी आला, जोडपत्र होतं का, हे आपल्याला आठवतं:

```
from:bank has:attachment after:2025/03/31 before:2025/08/01
```

`bank`च्या जागी पाठवणाऱ्याच्या पत्त्यातला ओळखीचा शब्द घालायचा. याला चार-पाच मेल येतात आणि डोळ्यांनी एक निवडता येतो. काहीच आलं नाही तर मेल नाहीच असं मानण्याआधी `in:anywhere` जोडून पाहावं, कारण एरवी शोध स्पॅम आणि ट्रॅशमध्ये डोकावत नाही. ट्रॅशमधला मेल 30 दिवसांनी कायमचा जातो.

यातून लेबलाचं खरं काम कळतं. पाठवणाऱ्याचं नाव, तारीख, जोडपत्र हे शोधाला आधीच ठाऊक आहे, त्यामुळे ‘बँक’ किंवा ‘वीजबिल’ अशी लेबलं बहुतेक वेळा वाया जातात. मेलमध्ये नसलेली, फक्त आपल्या डोक्यात असलेली गोष्ट लेबलावर लिहावी. ‘आयकर 2024-25’ हे तसं लेबल आहे, कारण बँक, विमा कंपनी, देणगी घेणारी संस्था आणि कार्यालय यांच्या मेलांमध्ये तो समान शब्द कुठेही नसतो. ‘घरदुरुस्ती’, ‘वॉरंटी चालू’ हीही तशीच. वर्षाला अशी दोन-तीन नवी लेबलं पुरतात, आणि काम संपलं की जुनी सरळ काढून टाकता येतात. लेबल काढल्यानं मेल जात नाही.

मेल पुसला तर मात्र जातो, आणि इथेच बरेच जण फसतात. दोन लेबलं लागलेला मेल दोन ठिकाणी दिसतो म्हणून त्याच्या दोन प्रती आहेत असं वाटतं. ‘घर’ उघडून तिथला मेल डिलीट केला की तो ‘आयकर’मधूनही नाहीसा होतो. थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममधून तेच खातं पाहिलं तर उलटा गोंधळ होतो. तिथे लेबलं फोल्डर म्हणून दिसतात, एकच मेल तीन फोल्डरांत आणि शिवाय ‘ऑल मेल’मध्ये दिसतो, आणि एका फोल्डरमधून पुसलेला मेल, त्या प्रोग्रॅमच्या आणि खात्याच्या मांडणीनुसार, ‘ऑल मेल’मध्ये तसाच राहू शकतो.

फोल्डरची बाजू जिथे खरोखर बळकट आहे ती जागा म्हणजे सेवा सोडून जाणं. फोल्डर बहुतेक मेलप्रोग्रॅमना कळतो, तो उचलून दुसरीकडे नेता येतो, सीएला किंवा मुलीला आख्खा देता येतो. जीमेलमधून सगळा मेल उतरवून घेतला तर लेबलं प्रत्येक मेलच्या माथ्यावर `X-Gmail-Labels` या ओळीत येतात, पण ती ओळ वाचून मांडणी करणारे प्रोग्रॅम थोडे. विसा वर्षांची लेबलं एका सपाट ढिगात मिसळली जाण्याचा धोका आहे. ज्यांना हे टाळायचं आहे त्यांनी फोल्डरच ठेवावेत, मात्र एकाच पातळीवर आणि मोजके. दोन पातळ्यांपलीकडे गेलेलं झाड मोबाइलच्या पडद्यावर तसंही चालवत नाही.

ज्यांच्याकडे आधीच मोठं झाड आहे त्यांनी ते तोडायला एक रविवार घालवू नये. जुने मेल जिथे आहेत तिथे राहू द्यावेत, कारण शोध फोल्डर ओलांडून चालतो. फक्त आजपासून नवे मेल झाडात टाकणं बंद करावं. सहा महिन्यांनी कोणते फोल्डर एकदाही उघडावे लागले नाहीत ते पाहावं. आपोआप छाटणी करणारे फिल्टर मात्र आधीच तपासावेत. ‘इनबॉक्स वगळा’ अशी खूण असलेला एखादा जुना फिल्टर बँकेचे मेल अजूनही न वाचता कुठल्यातरी आतल्या फांदीत नेऊन टाकत असतो.