‘स्विस मेड’ : तबकडीवरच्या दोन शब्दांचा हिशेब

घड्याळाच्या तबकडीवर, सहाच्या आकड्याखाली, अगदी बारीक अक्षरांत ‘स्विस मेड’ छापलेलं असतं. गिऱ्हाईक त्याचा अर्थ असा घेतं की आतल्या मशीनपासून बाहेरच्या केसपर्यंत सगळं स्वित्झर्लंडमध्ये घडलं आहे. कायद्याने मात्र हे शब्द एवढं मोठं वचन देत नाहीत.

हे शब्द कुणी वापरावेत याचा स्वतंत्र नियम स्विस सरकारने १९७१ मध्ये केला. आज लागू आहे ते त्याचं १ जानेवारी २०१७ पासूनचं कडक रूप. त्यानुसार घड्याळाचं मशीन, म्हणजे मूव्हमेंट, स्विस हवं, ते केसमध्ये स्वित्झर्लंडमध्येच बसवलेलं हवं, उत्पादकाची शेवटची तपासणी तिथेच झालेली हवी आणि संपूर्ण घड्याळाच्या उत्पादनखर्चापैकी किमान ६० टक्के खर्च त्या देशात झालेला हवा. २०१७ पूर्वी ही ६० टक्क्यांची अट नव्हती, त्यामुळे त्याआधीच्या घड्याळांवर तेच शब्द याहून कमी हमी देतात.

मशीन ‘स्विस’ कधी ठरतं? त्याची जुळणी आणि तपासणी तिथे व्हावी लागते, त्याच्या खर्चाचा ६० टक्के वाटा तिथला असावा लागतो आणि जुळणीचा खर्च वगळून सुट्या भागांच्या किमतीत निम्मा वाटा स्विस भागांचा असावा लागतो. एक काल्पनिक हिशेब मांडू. मशीनचे सुटे भाग ३,००० रुपयांचे आणि जुळणी, वेळ लावणं, तपासणी यांचा खर्च २,००० रुपये आहे असं समजा. स्विस भाग १,५०० रुपयांचे असले की भागांची अट पुरी झाली. त्यात तिथल्या कामाचे २,००० रुपये मिळवले की ५,००० पैकी ३,५०० होतात, म्हणजे ७० टक्के. उरलेले १,५०० रुपयांचे भाग कुठल्याही देशातून आणता येतात.

इथे मोजले जातात पैसे, नग नाही. म्हणून आकड्याने बहुसंख्य असलेले स्वस्त स्क्रू आणि चाकं बाहेरची असूनही मशीन स्विसच राहू शकतं, कारण मोजके महाग भाग आणि महाग मजुरी तराजू झुकवतात.

केसच्या बाबतीत नियम आणखी सैल आहे. केस स्विस असलीच पाहिजे, अशी वेगळी अट ‘स्विस मेड’साठी नाही. घड्याळाचा उत्पादनखर्च २०,००० रुपये धरला, तर ८,००० पर्यंतचा खर्च परदेशात चालतो. केस, तबकडी, काटे आणि काच चीनहून ४,००० रुपयांत आली तर परदेशी वाटा २० टक्केच भरतो. बाहेरचा माल जितका स्वस्त, तितका तो टक्केवारीत कमी दिसतो. मला या नियमातली ही खरी उणीव वाटते. गिऱ्हाईक ज्या धातूला रोज हात लावतं, त्याचंच मूळ त्याला कळत नाही. नियम फार सैल आहे असं सांगत एच. मोझर या स्विस कंपनीने २०१७ च्या सुरुवातीलाच आपल्या तबकड्यांवरून ‘स्विस मेड’ काढून टाकलं.

अक्षरं नीट वाचायला हवीत. नुसतं ‘स्विस’ आणि ‘स्विस मेड’ यांना कायद्यात सारखंच वजन आहे. ‘स्विस मूव्हमेंट’ लिहिलं असेल तर हमी फक्त मशीनची. असं घड्याळ स्वित्झर्लंडबाहेर जुळवलेलं असू शकतं. ‘जपान मूव्हमेंट’ हेही मशीनपुरतंच. अमेरिकी कस्टम्सचे नियम मशीन आणि केस यांच्यावर देशाचं नाव मागतात, त्यामुळे मागच्या झाकणावर कधी मशीनसाठी एक आणि केससाठी दुसरा देश दिसतो. खरं तर ही जास्त प्रामाणिक माहिती आहे.

जुन्या घड्याळांत तबकडीवरचा शब्द अजिबात पुरत नाही. संग्राहक ज्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, त्या घड्याळांत जुनं स्विस मशीन बऱ्याचदा खरं असतं, पण तबकडी भारतात नव्याने रंगवलेली असते आणि रंगवणारा ‘स्विस मेड’ही पुन्हा छापतो. ठसठशीत भडक रंग, जाड किंवा वाकडी अक्षरं, मिनिटांच्या खुणांशी न जुळणारे काटे ही त्याची लक्षणं. अशा वेळी दुरुस्ती करणाऱ्याकडून मागचं झाकण उघडून घ्यावं आणि मशीनच्या पट्टीवर कोरलेला कारखान्याचा शिक्का, कॅलिबर क्रमांक आणि देशाचं नाव पाहावं. झाकणाच्या आतल्या बाजूला केस बनवणाऱ्याची खूण असेल तर तीही वाचावी. मशीनचा आणि केसचा माग तिथून स्वतंत्रपणे लागतो.