एक दाखला, दोन लिप्या

छत्रपती संभाजीनगरच्या महापालिकेतून मिळणारा जन्माचा दाखला म्हणजे 'नमुना ५'. प्रत्येक रकान्याचे नाव त्यावर आधी मराठीत आणि मग इंग्रजीत छापलेले असते. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ आणि महाराष्ट्राचे २००० सालचे नियम यांचा उल्लेख असलेले वाक्यही दोन्ही भाषांत येते. माणूस असा कागद सहज वाचतो, कारण डोळ्याला जी भाषा कळते ती उचलून दुसरी सोडून देता येते. त्याच दाखल्याचे छायाचित्र संगणकाला देऊन त्यातला मजकूर अक्षररूपात काढायचा म्हटले, म्हणजेच ओसीआर करायचे म्हटले, की मात्र प्रत्येक ओळीत कोणती लिपी आहे हे यंत्राला आधी ठरवावे लागते.

या कामासाठी टेसरॅक्ट हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम पुष्कळ वापरला जातो. ह्युलेट-पॅकार्ड कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात तो घडला आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. त्याला प्रत्येक भाषेसाठी शिकवलेली एक स्वतंत्र फाइल लागते: मराठीची `mar`, इंग्रजीची `eng`. दोन्ही भाषा एकाच चित्रात असतील तर दोन्ही नावे अधिक चिन्हाने जोडून सांगायची असतात:

```
tesseract janma.png janma -l mar+eng --psm 6
```

यातला क्रम महत्त्वाचा. पहिली भाषा मुख्य मानली जाते. त्या भाषेतले वाचन पुरेशा खात्रीचे वाटले नाही तर दुसरी भाषा लावून पाहिली जाते आणि दोहोंतले बरे वाचन ठेवले जाते. म्हणून `mar+eng` आणि `eng+mar` यांचे निकाल सारखे येतीलच असे नाही, वेळही सारखा लागत नाही. दाखल्यावर मराठी जास्त असेल तर मराठी आधी घ्यावी. हिंदी, संस्कृत, उर्दू अशा आणखी भाषा 'असू द्या' म्हणून जोडण्याचा मोह बहुतेकांना होतो. तो नडतो. दर नव्या भाषेबरोबर वेळ वाढतो आणि चुकीच्या वाचनाला आणखी एक उमेदवार मिळतो. भाषांऐवजी लिपीची फाइल देण्याचीही सोय आहे. `script/Devanagari` ही फाइल हिंदी, मराठी, संस्कृत, नेपाळी आणि इंग्रजी यांवर मिळून शिकवलेली आहे. मिश्र मजकुरावर ती कधी कधी जोडभाषांपेक्षा चांगली चालते, तेव्हा एकच दाखला दोन्ही पद्धतींनी काढून पाहावा.

पानावर कोणती लिपी आहे हे आपोआप ओळखणारी `--psm 0` ही सोय इथे फारशी उपयोगाची नाही. ती सबंध पानासाठी एकच लिपी सांगते. दाखल्यावर ती बहुधा देवनागरी सांगेल, आणि त्या उत्तरावर विसंबून फक्त मराठी लावली तर इंग्रजी रकान्यांच्या जागी निरर्थक अक्षरे उमटू शकतात.

बिघाडाचे मूळ पुष्कळदा भाषेत नसतेच, ते ओळी कापण्यात असते. देवनागरी अक्षराचे तीन मजले असतात: शिरोरेघेवर वेलांटी, मात्रा आणि रफार, मध्ये अक्षर, खाली उकार. अशा दाखल्यांत मराठी ओळीखाली लहान टायपातली इंग्रजी ओळ अगदी चिकटून येते. वरच्या ओळीतला उकार खालच्या इंग्रजी अक्षराला टेकला की यंत्र दोन ओळींची एकच ओळ करते आणि दोन्ही बिघडतात. तक्त्याची आडवी रेघ शिरोरेघेला लागली तरी तसेच होते. यावर उपाय साधे आहेत. मोबाइलवरचा तिरपा फोटो न घेता दाखला ३०० डीपीआयवर स्कॅन करावा, म्हणजे ए-फोर कागदाचे चित्र सुमारे २४८० बाय ३५०८ बिंदूंचे होते. वाचनाआधी तक्त्याच्या रेघा पुसून घ्याव्यात. नमुना ठरलेलाच असल्यामुळे प्रत्येक रकाना वेगळा कापून त्याला त्याच्याच भाषेची फाइल लावता येते: मराठी नावाला `mar`, इंग्रजी नावाला `eng`. एकाच नमुन्याचे शेकडो दाखले असतील तर ही मेहनत वसूल होते. एकदोन कागदांसाठी ती करण्यात अर्थ नाही.

सर्वांत घातक चुका आकड्यांत होतात. देवनागरी आणि इंग्रजी आकड्यांतले काही आकार जवळजवळ एक आहेत आणि काही फसवे आहेत. ० आणि 0, ३ आणि 3 यांत घोटाळा झाला तरी किंमत बदलत नाही. पण देवनागरी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो आणि ४ हा 8 सारखा.

एक काल्पनिक दाखला घ्या. जन्मतारीख छापली आहे ०३/०१/२००३ आणि नोंदणीची तारीख २२/०१/२००३. हे आकडे इंग्रजी समजून वाचले गेले तर हाती येते 03/09/2003 आणि 22/09/2003. दोन्ही तारखा पंचांगात आहेत. जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते आणि इथे अंतर १९ दिवसांचे आहे, म्हणजे तो हिशेबही जुळतो. नोंदणी जन्माच्या आधीची तर नाही ना, ही नेहमीची तपासणीही पार पडते. बाळ मात्र जानेवारीतून सप्टेंबरात गेलेले असते. टेसरॅक्ट प्रत्येक शब्दापुढे खात्रीचा आकडा देतो (आदेशाच्या शेवटी `tsv` लिहिले की `conf` या स्तंभात तो दिसतो), पण त्यानेही ही चूक पकडली जाईलच असे नाही. 9 चा आकार स्वच्छ दिसला तर यंत्राची खात्री दांडगीच असते.

चूक सापडते ती दाखल्यावर तीच माहिती दुसऱ्यांदा आली असेल तिथे. तारीख अक्षरी दिली असेल तर 'जानेवारी' आणि 09 एकमेकांशी भांडतात आणि तो दाखला माणसाच्या डोळ्यांखाली घालायचा हे ठरते. द्विभाषी कागद यंत्राला अवघड जातो, पण तपासणाऱ्याला त्याच्याइतका सोयीचा दुसरा कागद नाही. नावाचेही तसेच. मराठीत 'काळे' आणि इंग्रजीत KALE आले तर ठीक, मराठीत 'काके' आले तर कुठेतरी ळ चुकीचा वाचला गेला आहे. ही तुलना अक्षरशः करून चालत नाही, कारण KALE मध्ये ल आणि ळ यांचा भेद उरत नाही आणि 'देशपांडे'चे इंग्रजी स्पेलिंग घरागणिक बदलू शकते. दोन्ही नावे ढोबळ उच्चारावर आणून जुळवावी लागतात. या शहराच्या कागदांत आणखी एक खाच आहे. २०२३ च्या नामांतराआधीच्या दाखल्यांवर गावाचे नाव औरंगाबाद आहे आणि नंतरच्यांवर छत्रपती संभाजीनगर. तुलनेच्या यादीत दोन्ही नावे एकाच गावाची म्हणून घातली नाहीत तर निर्दोष दाखलेही चुकीचे ठरतात.

जुन्या नोंदींपुढे मात्र ही सारी पद्धत थांबते. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि तिथला कारभार उर्दूत चाले. त्यामुळे इथल्या महसुली कागदांत उर्दूबरोबर मराठी आणि मोडीही भेटते. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, तिच्यातले आकडे डावीकडून उजवीकडे, आणि मजकूर बहुधा हाताने लिहिलेला. टेसरॅक्टची `urd` फाइल छापील अक्षरांवर बेतलेली आहे आणि मोडीसाठी त्याच्या अधिकृत संचात फाइलच नाही. अशा कागदांचे चांगले स्कॅन करून ठेवावे आणि वाचन उर्दू व मोडी जाणणाऱ्याकडेच सोपवावे.