पडद्यावर १०४.६४, खात्यातून १०६.१२

भारत सरकारचा ७.१० टक्क्यांचा एक रोखा ८ एप्रिल २०३४ रोजी मुदत पूर्ण करतो. दर १०० रुपयांमागे ३ रुपये ५५ पैसे व्याज वर्षातून दोनदा, ८ एप्रिल आणि ८ ऑक्टोबरला मिळतं. समजा शुक्रवारी, २० जून २०२५ रोजी, एकाने एक लाख दर्शनी किमतीचा हा रोखा ६.४० टक्के यील्डने घेतला. पडद्यावर भाव १०४.६४ दिसला, पण खात्यातून गेले १,०६,११७ रुपये. वरचे साधारण दीड हजार दलालीचे नव्हेत.

यील्ड टू मॅच्युरिटी म्हणजे असा एकच दर, की त्या दराने पुढचे सगळे हप्ते आणि शेवटची मुद्दल आजच्या मोलात आणली तर बेरीज आजच्या किमतीइतकी भरते. आपल्याकडे तो सहामाही धरतात, म्हणून ६.४० म्हणजे दर सहा महिन्यांना ३.२० टक्के. व्यवहार हप्त्याच्या दिवशीच झाला तर पूर्ण सहामाह्या मोजायच्या असतात आणि हिशेब सरळ होतो. पण असा योग क्वचितच येतो.

सरकारी रोख्यांचे पैसे व्यवहारानंतरच्या कामाच्या दिवशी हातबदल करतात. इथे मध्ये शनिवार-रविवार आला, म्हणून सेटलमेंट सोमवारी, २३ जूनला. हिशेबात हीच तारीख धरायची, व्यवहाराची नाही. शुक्रवारची धरली तर तीन दिवसांचं व्याज, म्हणजे लाखामागे ५९ रुपये, विकणाऱ्याला कमी मिळतील.

दिवस मोजायचीही रीत ठरलेली आहे. केंद्र सरकारच्या व्याजी रोख्यांसाठी प्रत्येक महिना ३० दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचं. ८ एप्रिल ते २३ जून असे ७५ दिवस झाले आणि पुढच्या हप्त्याला १०५ उरले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ते ७६ आणि १०७ भरतील, पण इथे कॅलेंडर चालत नाही.

आता किंमत. सोपा मार्ग असा, की आधी पुढच्या हप्त्याच्या दिवशी, ८ ऑक्टोबरला, जाऊन उभं राहायचं. तो हप्ता दिल्यावर १७ हप्ते आणि मुद्दल उरते. ३.२० टक्क्यांनी त्यांचं त्या दिवशीचं मोल १०४.५३ येतं. त्यात हातात पडणारे ३.५५ मिळवले की १०८.०८. ही रक्कम १०५ दिवस मागे आणायची आहे आणि १०५ दिवस म्हणजे १८० पैकी, अपूर्णांकातली सहामाही. तेवढा घातांक घ्यायचा:

```
108.0848 / 1.032^(105/180) = 106.1170
```

ही पूर्ण किंमत, बाजाराच्या भाषेत डर्टी प्राइस. उरलेल्या तुकड्याला घातांकाऐवजी सरळव्याज लावलं तर उत्तर १०६.१०४२ येतं. फरक सव्वा पैशाचा वाटतो, पण पाच कोटींच्या सौद्यात तो सुमारे ६,४०० रुपये होतो.

या १०६.१२ मध्ये विकणाऱ्याचे ७५ दिवस आहेत. ८ ऑक्टोबरचा अख्खा हप्ता नवा मालक घेणार, म्हणून जुन्या मालकाचा वाटा, ७.१० गुणिले ७५ भागिले ३६०, म्हणजे १.४८ रुपये, आधीच चुकता होतो. तो वजा केला की उरते क्लीन प्राइस, १०४.६४. भाव याच किमतीने सांगतात, कारण यील्ड जागच्या जागी असलं तरी पूर्ण किंमत रोज चढते आणि हप्त्याच्या दिवशी धपकन उतरते. त्या चढउताराकडे पाहून बाजार कुठे चाललाय, हे कोणाला कळावं?

पडताळा एक्सेलवर घेता येतो:

```
=PRICE(DATE(2025,6,23),DATE(2034,4,8),7.10%,6.40%,100,2,4)
```

उत्तर १०४.६३७८. हे क्लीन प्राइसच देतं. साचलेलं व्याज आपण मिळवायचं. शेवटचा ४ म्हणजे ३०/३६० ची रीत.

याच सूत्रात ६.४० च्या जागी ७.१० घालून पाहा. यील्ड आणि व्याजदर सारखे, तेव्हा भाव १०० यावा असं वाटतं, पण येतो ९९.९८५. सूत्र चुकलेलं नाही. पूर्ण किंमत चक्रवाढीने वाढत १०१.४६४१ झालेली असते, तर साचलेलं व्याज दिवसांच्या सरळ प्रमाणात १.४७९२. सहामाहीच्या आत चक्रवाढीची रेघ सरळ रेघेच्या किंचित खाली राहते. शिवाय खरेदीदार ते व्याज जूनमध्येच मोजून देतो आणि त्याला ते ऑक्टोबरमध्ये मिळतं. त्या प्रतीक्षेची भरपाई म्हणून भावात दीड पैसा कमी होतो. ८ ऑक्टोबरची तारीख घातली की उत्तर पुन्हा नेमकं १००.